रुखवताच्या जागेवर अक्षता

संगणकावर दोन फोल्डर शेजारी शेजारी उघडले होते. डावीकडे मोठ्या कार्डावरचे फोटो, उजवीकडे छोट्या कार्डावरचे. लग्न एकच, कॅमेरा एकच, आणि कॅमेऱ्याला सांगून ठेवलेलं की प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर लिही. म्हणजे दोन्हीकडे तेच फोटो, त्याच क्रमाने असायला हवे होते. डावीकडची यादी IMG_3207 पासून सुरू होत होती. उजवीकडे मात्र पहिला फोटो होता IMG_3218, आणि त्याच्या खाली एकदम IMG_3228. मधले सगळे गायब. मी अल्बम डिझाइन करते, दिवसभर माझ्यासमोर असे नंबर असतात, आणि नंबरांत पडलेली भोकं मला चेहऱ्यांच्या आधी दिसतात. या भोकांनी मात्र पुढचे काही दिवस पाठ सोडली नाही, कारण त्यांच्यामुळे मला एक अशी गोष्ट बघायला मिळाली जी फोटोग्राफर कुणाला दाखवत नाही. भर मंगलाष्टकांत, हात थरथरत असताना, त्याने काय ठेवलं आणि काय टाकलं.

तो पोरगा आमच्याच गल्लीतला. काही वर्षं एका स्टुडिओत लाइट धरायचं काम केलं, मग कर्ज काढून स्वतःचा कॅमेरा घेतला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. चप्पल काढायच्या आधी दारातूनच म्हणाला, “ताई, आधीच सांगतो. रुखवताचं फोटो गेल्यात. कार्ड भरलं, मीच उडवलं.” मग दोन्ही कार्डं प्लास्टिकच्या डबीतून काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि उभाच राहिला. मी म्हटलं, बस आधी. बसला, पण खुर्चीच्या टोकावर. डोळे रात्रभर न झोपलेल्याचे होते. वरात संपवून घरी यायला दोन वाजले असतील, पण ती जाग वरातीची नव्हती.

कार्ड भरणं म्हणजे काय, हे ज्याने लग्न शूट केलेलं नाही त्याला सांगणं अवघड आहे. लोकांना वाटतं, भरलं तर दुसरं घालायचं. बरोबरच आहे, दुसरंच घालायचं असतं. पण ते भरतं कधी, हे बघायला हवं. फुलेवाडीकडच्या कार्यालयात मुहूर्त होता बारा वाजून चोवीस मिनिटांचा. मुलगा पाटावर, मुलगी समोरच्या पाटावर, मध्ये अंतरपाट, दोघांच्या पाठीशी करवल्या. माइकवर मुलीच्या दोन आत्या आणि एक मावशी घरीच रचलेली मंगलाष्टकं म्हणतायत, त्यात दोन्हीकडच्या आजोबा-पणजोबांची नावं गुंफलेली. हॉलमधले सगळे उभे, मुठीत अक्षता. अशा वेळी फोटोग्राफर स्टेजच्या कडेला एका पायावर तोल सांभाळून असतो, कारण मागे व्हिडिओवाला, पुढे भटजींचं ताट आणि बाजूला मोबाइल उंचावलेले पाहुणे. तिथे त्याने बटण दाबलं आणि कॅमेरा गप्प राहिला. पडद्यावर दोन शब्द: Card full.

फोटोत वेळ नोंदलेली असते, सेकंदासकट. IMG_4219 ची वेळ बारा एकवीस अठ्ठेचाळीस. त्यात मुलीची आई आहे, डोळे मिटून, मूठ वर नेलेली, अक्षता अजून हातातच. पुढचा फोटो IMG_4220, वेळ बारा बावीस सत्तावन्न. मध्ये एकोणसत्तर सेकंद. लग्नाच्या एरवीच्या वेळेत एकोणसत्तर सेकंद काहीच नसतात, जेवणाच्या पंगतीत कुणी पाणी मागून ते येईपर्यंत त्याहून जास्त जातात. पण मंगलाष्टकांत तेवढ्यात एक अख्खं कडवं होतं. त्या दिवशी गाण्यात मुलीच्या आजोबांचं नाव आलं तेव्हा आजोबांनी फेटा सावरला म्हणे. ते फक्त व्हिडिओत आहे.

त्या एकोणसत्तर सेकंदांत त्याने काय केलं, ते मला उजवीकडच्या फोल्डरने सांगितलं. कॅमेऱ्यात फोटो उडवायचा तर आधी फोटो बघायचं बटण, मग कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह असलेलं बटण, मग चाक फिरवून ‘इरेज’वर यायचं आणि ‘सेट’ दाबायचं. सराईत हाताला एका फोटोला तीन सेकंद लागतात. एकोणसत्तर सेकंदांत वीस फोटो. बरोबर वीसच गेले होते. ३२०७ ते ३२२७ हे एकवीस, त्यातला ३२१८ तेवढा शिल्लक.

आता हे वीस रुखवताचेच का? माझ्याकडे कामाला येणारी मुलगी पटकन म्हणाली, त्याला रुखवत म्हणजे टेबलावरचा पसारा वाटला असेल, पोरांना काय कळतंय. मला तसं वाटलं नाही. कारण मला माहीत आहे की त्या कॅमेऱ्यात शेवटचा फोटो समोर असताना चाक एक घर पुढे फिरवलं की पुन्हा पहिला फोटो येतो. यादी गोल फिरते. मागे गेला असता तर मंगलाष्टकांचेच फोटो आले असते, आत्ताच काढलेले, आणि त्यांना हात लावायची त्याची हिंमत झाली नसती. म्हणून तो पुढे गेला आणि थेट सकाळी आठ वाजता पोचला. सकाळी आठ वाजता लग्नाचा फोटोग्राफर काय काढत असतो? हॉल रिकामा असतो, पाहुणे आंघोळी करत असतात, सतरंज्या झटकल्या जात असतात. त्या वेळी निवांत उजेडात तो रुखवत काढून घेतो, कारण नंतर त्या टेबलाभोवती बायका-पोरांची गर्दी होते आणि दुपारपर्यंत चकल्यांच्या बरणीचं झाकण उघडलेलं असतं. म्हणजे रुखवत त्याने नीट, वेळ देऊन, सर्वांत आधी काढलं. आणि सर्वांत आधी काढलं म्हणूनच ते सर्वांत आधी गेलं.

हे मला फार लागलं. ज्या कामात त्याने काळजी घेतली तेच काम अंगठ्याखाली आलं.

मग कार्ड भरलं कशाने? मी डावीकडचं फोल्डर वरून खाली वाचत गेले. ३२०७ पासून ४२१९ पर्यंत एक हजार तेरा फोटो. त्याच्या कॅमेऱ्यात एक रॉ फाइल साधारण तीस एमबीची, म्हणजे बत्तीस जीबीच्या कार्डात हजारभर फोटो मावतात. हिशोब जुळत होता. त्या हजारात रुखवत एकवीस. पुण्याहवाचन, देवक, गौरीहर मिळून दीडशेच्या आसपास. मुलीचं आवरणं, साज घालणं, नथ, हातातला चुडा, हे सव्वाशे-दीडशे. आणि नवरामुलगा आला तेव्हा गेटपासून स्टेजपर्यंत हलगी-कैताळावर नाचणारे मित्र, ते चारशेहून जास्त. मी ते चारशे पाहिले. बटण दाबून धरलेलं कळत होतं. सेकंदाला सहा फोटो या वेगाने एकच उडी सहा वेळा, एकच फेटा हवेत सहा ठिकाणी. वाईट नव्हते ते फोटो. हलगी सुरू झाली की कोल्हापुरात कुणाचा पाय जागेवर राहतो? फोटोग्राफरचं बोटही त्याला अपवाद नाही. पण त्या चारशेंतून अल्बमच्या पानावर मी किती लावणार होते? सहा. फार तर सात.

म्हणजे कार्ड भरलं हलगीने आणि जागा करून दिली रुखवताने. हे मी पहिल्यांदा बघत नव्हते. लग्नात, घरात, कुठेही, भरणारा एक असतो आणि सरकून जागा देणारा दुसराच, आणि बहुतेक वेळा तो सकाळी लवकर येऊन काम उरकलेला असतो.

खरं तर त्याचं कार्ड भरायला नको होतं. घरातून निघताना त्याच्याकडे चौसष्ट जीबीची दोन कार्डं होती, दोन्ही कप्प्यांत एकेक. त्या हिशोबाने दोन हजार फोटो बसले असते, आणि कन्यादान, लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी होऊन पंगत बसेपर्यंत पुरले असते. पण आदल्या रात्री सीमांतपूजनाच्या वेळी व्हिडिओवाल्याचं कार्ड ऐनवेळी रुसलं, त्याला यातलं एक दिलं, आणि स्वतःच्या दुसऱ्या कप्प्यात बॅगेतलं बत्तीसचं घातलं. मदत केली, त्यात काही वावगं नाही. पण दोन्ही कार्डांवर तोच फोटो लिहायला सांगितलं असेल तर छोटं कार्ड भरलं की काम थांबतं. मोठ्यात निम्मी जागा मोकळी असली तरी थांबतं, कारण कॅमेऱ्याला दिलेला शब्द ‘दोन्हीकडे’ असा असतो, आणि एकीकडे जागा नसेल तर तो शब्द पाळता येत नाही. सकाळी कॅमेरा चालू केल्यावर वरच्या छोट्या पडद्यावर उरलेल्या फोटोंचा आकडा दिसतो. तो आकडा निम्म्यावर आलेला होता. पण सकाळी आठ वाजता हजार हा आकडा कुणालाच छोटा वाटत नाही.

त्या क्षणी त्याच्या हातात काय उपाय होता, हेही सांगायला हवं, कारण हे वाचणाऱ्यांत कुणाच्या तरी घरचा पोरगा कॅमेरा घेऊन फिरत असेल. मेनूत जाऊन ‘दोन्हीकडे लिही’ हे बदलून ‘एकाच कार्डावर लिही’ करायचं आणि मोठं कार्ड निवडायचं. दहा-बारा सेकंदांचं काम. नाहीतर कॅमेरा बंद करून, कार्डाचा लाल दिवा विझलाय हे बघून, झाकण उघडून छोटं कार्ड सरळ बाहेर काढायचं. बहुतेक कॅमेरे मग उरलेल्या कार्डावर मुकाट काम करतात. तो दिवा विझलेला असणं फार महत्त्वाचं, कारण भराभर काढलेले फोटो कार्डावर उतरायला काही सेकंद लागतात, आणि उतरत असताना कार्ड ओढलं तर शेवटचे फोटो अर्धे करडे होऊन येतात, कधी अख्खं कार्डच वाचता येत नाही. हे सगळं त्याला पाठ होतं. मी विचारलं तेव्हा त्याने मलाच घडाघडा म्हणून दाखवलं. “पण ताई, त्या वक्ताला डोक्यात फक्त जागा पायजे, जागा पायजे एवढंच हुतं.”

बाकीची कार्डं? ती जानवशाच्या खोलीत, बॅगेत. खोलीला कुलूप. किल्ली मुलाच्या मामांकडे. मामा स्टेजवर.

आमचे अण्णा, ज्यांच्याकडे मी हे काम शिकले, रोलच्या काळातले. जवळ दोन कॅमेरे, एकात छत्तीस फोटोंचा रोल, दुसऱ्या मोठ्या कॅमेऱ्यात बाराचा. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला त्या गावात आपण दुसऱ्याने बनवलेल्या कॅमेऱ्यात निदान रोल तरी वेळेवर भरावा, असं ते मनापासून म्हणायचे. ते मला फोटो कसा काढायचा हे शिकवायच्या आधी रोल कधी बदलायचा हे शिकवत होते. रोल संपल्यावर बदलायचा नाही. मुलगी गौरीहरापाशी बसली, भटजींनी माइकवर “मुलीचे मामा, मुलीला घेऊन या” अशी हाक दिली, की बदलायचा. रोलवर दहा शिल्लक असोत नाहीतर पंधरा. मामा आत जातो, कुणीतरी मुलीचा शेला सारखा करतं, मुंडावळ्या नीट बसल्यात का बघतं, एखादी काकू रडते, मामा बाहेर येतो. तीन-चार मिनिटं जातात, आणि त्यात बघण्यासारखं जे असतं ते शेवटच्या मिनिटात. तेवढ्यात गुंडाळायचा, काढायचा, नवा घालायचा, दोन कोरे पुढे ओढायचे. दहा फोटो वाया गेले म्हणून स्टुडिओचे मालक कुरकुरायचे, कारण तेव्हा रोल आणि धुलाई दोन्हीला पैसे पडायचे. अण्णा ऐकून घ्यायचे आणि पुढच्या लग्नात पुन्हा तेच करायचे.

हा नियम रोलबरोबर गेला. खरं तर तो रोलचा नियम नव्हताच, तो लग्नाचा होता. लग्नात कुठे श्वास घ्यायला जागा आहे आणि कुठे नाही, हे त्यात होतं. मंगलाष्टकं सुरू झाली की हार घालून होईपर्यंत कुठेही फट नाही. त्याच्या आधी मामांची फट आहे, नंतर कन्यादानाची मांडामांड होते तेव्हा आहे. जे काही बदलायचं ते त्या फटीत, मग ते कार्ड असो, बॅटरी असो, लेन्स असो. हे आता कुणी सांगत नाही, कारण दोन हजार फोटो मावणारं कार्ड कधी भरेल असं कुणाच्या मनातच येत नाही. छत्तीसवाल्याला संपण्याची भीती सतत असायची, त्यामुळे तो सावध होता.

आणि इथे त्या लग्नाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट येते. वीस फोटो उडवून त्याला वीस फोटोंची जागा मिळाली. बोट दाबून धरलं असतं तर सव्वातीन सेकंदांत संपली असती. पण ४२२० पासून पुढच्या फोटोंच्या वेळा बघा. सत्तावन्नाव्या सेकंदाला एक. मग चार सेकंदांनी. मग सात. मग पाच. एका वेळी एकच. आदल्या तासात हलगीवर चारशे उधळणारा हाच हात. आता तो एकेक फोटो मोजून काढत होता, आणि ते फोटो पाहून मी खुर्चीत सरळ बसले. मुलीने अंतरपाटाच्या खालच्या कडेखालून मुलाच्या पायांकडे पाहिलं तो एक आहे. माइकवरच्या आत्याचा आवाज दाटल्यावर मावशीने तिच्या हातातला कागद हळूच स्वतःकडे घेतला तो एक आहे. ‘तदेव लग्नं’ सुरू झाल्यावर अंतरपाट धरणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आता सोडायचा म्हणून, तो आहे. अंतरपाट उत्तरेकडे ओढला गेला तो आहे, वेळ बारा चोवीस दहा, आणि त्यात अक्षता अजून वरच आहेत, मुलीच्या मुंडावळीच्या वर पिवळ्या ठिपक्यांसारख्या टांगलेल्या. मुलीने हार घातला तो आहे. मुलीचे वडील टाळ्या वाजवायचं विसरून नुसते हात जोडून उभे आहेत तो विसावा फोटो, IMG_4239.

आणि तिथे पुन्हा संपलं.

मुलाने हार घातला तो फोटो नाही. तीन मिनिटं काहीच नाही, मग व्हिडिओवाल्याने स्वतःच्या खिशातलं एक कार्ड काढून त्याच्या हातात कोंबलं, आणि बारा अठ्ठावीसला पुढचा फोटो आहे तो स्टेजवर चढणाऱ्या पाहुण्यांचा.

तर तो माझ्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसला होता आणि रुखवत गेलं म्हणत होता. मी त्याला काही न बोलता मोठ्या कार्डाचं फोल्डर उघडून दाखवलं. ३२०७. सुपारीची सप्तपदी, सात पावलं, प्रत्येक पावलावर रंगवलेल्या तांदळाची नक्षी. ३२०८. लोकरीचं तोरण. ३२०९. गुळाच्या ढेपेला फेटा बांधून केलेला कोल्हापुरी पैलवान. सगळे एकवीस जिथल्या तिथे. कारण त्याच्या कॅमेऱ्यात बघत असताना जे कार्ड समोर असतं त्यावरचेच फोटो उडतात. तो छोट्या कार्डावर होता, मोठ्याला त्याने हातच लावलेला नव्हता. तो पडद्याच्या इतका जवळ गेला की त्याच्या श्वासाने काच धुरकटली. मग म्हणाला, “हे मला काल रात्री कळलं असतं तर मी झोपलो असतो की.” आणि हसायच्या ऐवजी त्याने तोंडावरून दोन्ही हात फिरवले.

मोठं कार्ड नसतं तर काय झालं असतं, हे त्याने विचारलं, आणि मला त्याला खरं सांगावं लागलं. कॅमेऱ्यात फोटो उडवला की फोटो लगेच पुसला जात नाही, फक्त यादीतून त्याचं नाव जातं आणि त्याची जागा मोकळी म्हणून लागते. त्या क्षणी कार्ड काढून बाजूला ठेवलं तर दुरुस्तीचं सॉफ्टवेअर लावून बहुतेक फोटो परत आणता येतात, मी अनेकांचे आणून दिलेत. पण कार्ड काठोकाठ भरलेलं असताना वीस फोटो उडवले आणि पुढचे वीस काढले, तर ते नवे वीस बसायला दुसरी जागाच नसते. अंतरपाट, अक्षता, वडिलांचे जोडलेले हात, हे सगळं बरोबर त्या सप्तपदीवर, त्या तोरणावर लिहिलं गेलं. छोट्या कार्डावर रुखवत आता कुणालाच सापडणार नाही.

मग मी त्याला ३२१८ बद्दल विचारलं. दहा-अकरा फोटो एकापाठोपाठ उडवत आला, हा एक सोडला, पुढचे नऊ पुन्हा उडवले. का? तो फोटो मी मोठा करून ठेवला होता. सप्तपदीतल्या पाचव्या पावलाची सुपारी निसटलेली आहे आणि एक हात ती परत बसवतोय. मुलीच्या आत्याचा हात, माइकवर गाणाऱ्या दोघींतल्या एकीचा. चेहरा फोटोत नाही. तर्जनीच्या पेरावर डिंकाचा सुकलेला पापुद्रा, त्याची कड उचकटलेली, आणि त्या पापुद्र्यात दोन लाल तांदूळ चिकटून राहिलेले. नखात हळद.

तो म्हणाला, “त्यात माणूस हाय की, ताई. माणसाचा फोटो कसा उडवायचा?”

तीन सेकंदांना एक या वेगाने उडवताना, कानावर मंगलाष्टकं पडत असताना, त्याच्या अंगठ्याने तिथे एक घर ओलांडलं. मला त्याचं फार कौतुक वाटलं, आणि त्याच वेळी बाकीच्या वीस फोटोंकडे बघून वाईटही वाटलं, कारण त्या प्रत्येकात ती आत्या होतीच, फक्त हात चौकटीबाहेर होता. तो तांदूळ कुणीतरी रात्री जागून रंगवलेला, पैलवानाचा फेटा कुणीतरी सोडून परत बांधलेला. पण हे त्याला त्या सकाळी ऐकवण्यात अर्थ नव्हता. ज्याच्याकडे एकोणसत्तर सेकंद होते त्याने माणूस वाचवला, यावर मी अजून तरी बोट ठेवू शकलेले नाही.

अल्बमचे फोटो निवडायला मुलीची आई आणि तीच आत्या आल्या. मी पंधरा-वीस वर्षं बघतेय, मुलाकडचे आले की आधी स्टेजवरचे ग्रुप शोधतात, मुलीकडच्या बायका आल्या की आधी रुखवत. आत्याने माउस माझ्या हातातून घेतलाच. एकवीसही फोटो बघून झाल्यावर तिने विचारलं, “आणि पाव्हण्यानं हार घातलेला कुठाय?” पोरगा मागे उभा होता. मी उत्तर द्यायच्या आत तो पुढे आला आणि म्हणाला, “काकू, त्यो नाही. त्या वक्ताला माझं कार्ड भरलं हुतं. व्हिडिओत हाय, फोटोत नाही.” खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग आई म्हणाली, “मग तिथंच सांगायचं की, परत घाल म्हणून. आजकाल सगळेच दोन-दोनदा घालतात.”

हे खरं आहे. हार परत घालायला लावतात, मंगळसूत्र परत बांधायला लावतात, सप्तपदीचं पाऊल पुन्हा टाकायला लावतात. तो म्हणाला, “अक्षता पडून गेल्या हुत्या, काकू. त्यानंतर घातला असता तर हार दिसला असता, पण मग त्यो ह्यो हार नसता.” आई त्याच्याकडे बघत राहिली. रागावली असं नाही, पण मान्य केलं असंही नाही. तिला तो फोटो हवाच होता, आणि तो हवा असण्यात तिचं काही चूक नव्हतं. मुलाकडच्यांना ती काय सांगणार होती?

शेवटी व्हिडिओतून काढला. व्हिडिओ फुल एचडी होता, म्हणजे एक चित्र एकोणीसशे वीस ठिपक्यांचं. छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात, त्या हिशोबाने सहा इंचांपेक्षा थोडं जास्त रुंद छापता येतं, त्यापुढे चेहरे पसरट आणि मऊ होतात. आमचं पान उघडल्यावर बारा बाय छत्तीस. त्यावर सहा इंच म्हणजे कोपऱ्यातली खिडकी. त्यात हार हातातून सुटण्याच्या क्षणी पुसट झालेला, कारण व्हिडिओचा एकेक फोटो मुळातच थोडा सावकाश घेतलेला असतो, हलणारी गोष्ट त्यात ओढली जाते. मी मुलाचा चेहरा स्थिर असलेलं चित्र शोधत बसले, शंभरेक चित्रं पुढे-मागे केली. एक सापडलं. हार पुसट आहे, पण तो तिच्याकडे बघतोय ते स्पष्ट आहे. ते मुलीने हार घातलेल्या मोठ्या फोटोच्या शेजारी लावलं. मोठ्या फोटोची धार आणि छोट्याचा मऊपणा जवळजवळ आले की डोळ्याला खटकतं, म्हणून मध्ये अक्षतांचा फोटो ठेवला.

आत्याला रुखवताला पूर्ण जोडपान हवं होतं. आई म्हणाली, एवढं कशाला, अर्ध्यात बसव, पानं वाढली की पैसे वाढतात. दोघींचं बराच वेळ चाललं. पोरगा म्हणाला, वाढलेल्या पानाचे पैसे मी भरतो. आत्या त्याच्याकडे वळून म्हणाली, “तू का भरशील? तुझं कार्ड भरलं म्हणून मी पान मागत नाही. मी केलंय म्हणून मागतेय.” आणि पर्स उघडून पानाचे पैसे माझ्या टेबलावर ठेवले.